इतक्या दिवसांनी आलेल्या 'हाय'ला काय उत्तर द्यायचं?

प्रश्न: मला आवडणारा मुलगा रोज बोलायचा. मग सहा आठवडे गायब, ना मेसेज ना कॉल. काल रात्री साडेअकराला अचानक 'हाय, कुठे गायब आहेस?' चिडलेय असं वाटू नये आणि वाटच बघत होते असंही वाटू नये, असं काय लिहू?

उत्तर: मी तुझ्यापेक्षा मोठी असेन, म्हणून अगं-तुगं करते. हे लिही:

'हाय! मी इथेच आहे. बरेच दिवस तुझा काही पत्ता नव्हता. सगळं ठीक ना?'

एवढंच लिहून थांब. गायब तो झाला आणि विचारतोय तुला. 'मी इथेच आहे' म्हटलं की न भांडता ती गोष्ट जागेवर येते. 'बरेच दिवस' मुद्दाम लिहिलंय. 'सहा आठवडे' लिहिलंस तर तू दिवस मोजत होतीस हे त्याला कळेल. पण काही झालंच नाही असं दाखवून 'बोल ना, काय म्हणतोस' असंही लिहू नकोस. तो विषय मग आतच राहतो आणि पुढे कधीतरी फालतू कारणावरून बाहेर पडतो. 'सगळं ठीक ना' हे मात्र मनापासून विचार. घरी कुणी आजारी असेल, नोकरीचं काही बिनसलं असेल, हे तुला आत्ता माहीत नाही. त्याला सांगायचं असेल तर त्या प्रश्नात जागा आहे.

'आज कसा काय रस्ता चुकलास?' किंवा 'आली का आठवण!' हे आपल्याकडे अगदी सहज तोंडात येतं. समोरासमोर हसत म्हटलं तर गोड वाटतं. मेसेजमध्ये हसू दिसत नाही, टोमणाच दिसतो. शिवाय तो एक हसरा इमोजी टाकून मोकळा होतो आणि कुठे होता ते राहूनच जातं.

रात्री साडेअकराच्या मेसेजला सकाळी, चहा झाल्यावर उत्तर दे. त्याला ताटकळत ठेवायला नव्हे, आधी तुझी धडधड कमी व्हावी म्हणून. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतरं दाण्यासाठी बटणावर टोच मारणं लवकर सोडत नाहीत, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांत दिसलं होतं. नेम नसलेल्या मेसेजचा आनंदही तसाच जास्त चढतो, आणि त्या भरात माणूस चार-पाच मेसेज पाठवून बसतो. आणखी एक, शब्द जुळवायचे असतील तर नोट्समध्ये जुळव. त्याने चॅट उघडं ठेवलं असेल तर तुझं 'टायपिंग…' त्याला दिसत राहतं.

आता त्याचं उत्तर नीट वाच, कारण खरं तिथेच कळतं. माझ्या एका मैत्रिणीने जवळजवळ हेच लिहिलं होतं. तिला उत्तर आलं, 'बाबांची अँजिओप्लास्टी झाली, मिरजेला होतो. कुणाशीच बोलत नव्हतो, तुला तरी कळवायला हवं होतं. तुझ्या परीक्षेचं काय झालं?' यात कारण आहे, कळवलं नाही याची जाणीव आहे आणि तिच्या आयुष्यातली एक नेमकी गोष्ट लक्षात आहे. तिने बाबांची चौकशी केली, परीक्षेचं सांगितलं आणि त्याच्या गायब होण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

याउलट 'काही नाही गं, बिझी होतो. तू बोल' एवढंच आलं, तर तेही उत्तरच समज. चिडू नकोस, पण संभाषण तू एकटीने ओढू नकोस. 'मी मजेत, कामं चालू आहेत' म्हणून थांब. पुढचा प्रश्न त्याला विचारू दे. नाही विचारला, तर त्या रात्री त्याला फक्त कंटाळा आला होता असं धरून चाल.

बोलणं दोन-तीन दिवस दोन्हीकडून नीट चाललं, तर तू विचारायला काहीच हरकत नाही: 'शनिवारी संध्याकाळी मी मोकळी आहे, चहाला भेटूया का?' विचारणं म्हणजे उतावीळपणा नव्हे. तेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे उतावीळपणा. 'हो, सहाला चालेल?' किंवा 'शनिवारी नाही जमणार, रविवारी?' म्हणाला तर त्याला भेटायचंय. 'बघतो, सांगतो' म्हणाला आणि शनिवार असाच गेला, तर पुन्हा काढू नकोस.

एक मर्यादाही सांगते. तुमचं अजून काही ठरलेलं नव्हतं, त्यामुळे जाब विचारण्याइतका हक्क तुझ्याकडे नाही. पण परत असाच महिनाभर गप्प होऊन आला, तर एकदा स्पष्ट लिही: 'तुझ्याशी बोलायला मला आवडतं, पण असं मध्येच गायब होणं मला जमत नाही. अडचण असेल तर एक ओळ टाकत जा.' त्यानंतर ती ओळही आली नाही, तर पुढच्या 'हाय'ला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.