फाउंडेशनचा आराखडा मागून पुढे लिही

अनेक आशीर्वाद.

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरसाठी तू केलेला नर्सिंग फाउंडेशन या विषयाचा शिकवण्याचा आराखडा वाचला. कष्ट दिसतात. शेवटचा तो मोठा तक्ता तर भिंतीवर लावण्यासारखा आहे. डावीकडे अध्ययन निष्पत्ती, वर दहा क्षमता आणि जवळजवळ प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण. तपासणीला येणाऱ्या मंडळींना तो आवडेल. तुला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण सगळीकडे खुणा आहेत म्हणजे कोणती क्षमता कुठे घडते आणि कुठे तपासली जाते हे त्यातून कळतच नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात ज्या दहा गाभा क्षमता आहेत, रुग्णकेंद्री सेवा, सुरक्षितता, संवाद, संघकार्य वगैरे, त्या चार वर्षांच्या शेवटी दिसायच्या आहेत. पहिल्या सेमिस्टरमधल्या पोरीकडून त्या दहाही मागणं म्हणजे नुसता कागद भरणं. एका निष्पत्तीसमोर एकच मुख्य क्षमता लिही, फार तर दोन. मग वरून खाली प्रत्येक रकाना वाच. गुणवत्ता सुधारणा किंवा पुराव्यावर आधारित सेवा यांचे रकाने बरेचसे रिकामे राहतील. राहू देत. तिथे 'फक्त ओळख' असं लिही. सुरक्षिततेचा रकाना रिकामा राहिला तर मात्र घाबर.

आता एकच निष्पत्ती घेऊन आराखडा मागून पुढे कसा बांधायचा ते सांगते. व्हायटल साइन्सच्या घटकाखाली तू लिहिलं आहेस, 'विद्यार्थ्यांना श्वसनगती मोजण्याचं महत्त्व समजेल.' समजलं की नाही हे तू कशावरून ठरवणार? फार तर तीन मार्कांचा प्रश्न घालशील, आणि जिने उभ्या जन्मात कुणाचा श्वास मोजला नाही तीही त्याचं उत्तर छान लिहील.

श्वसनगती मी मुद्दाम निवडली. तापमान, नाडी आणि श्वास लिहायच्या टीपीआर चार्टवर सगळ्यांत जास्त खोटं तिच्याच रकान्यात असतं. एखाद्या वॉर्डातले चार्ट ओळीने पाहा. तापमान आणि नाडी प्रत्येकाची वेगळी असते, पण श्वास ओळीने २०, २०, १८, २०. इतक्या माणसांचे श्वास असे एकसारखे चालत नाहीत. ते मोजलेले नसतात. आणि रुग्ण बिघडू लागला की पुष्कळदा श्वासाचा वेग आधी वाढतो, बीपी नंतर घसरतं. म्हणजे ज्या आकड्याने लवकर सावध करायचं, तोच अंदाजाने लिहिला जातो. तुझ्या सेमिस्टरने एवढी एक सवय जरी मोडली, तरी सुरक्षिततेच्या रकान्यातली खूण खरी ठरेल.

तेव्हा निष्पत्ती अशी लिही: 'जाग्या प्रौढ रुग्णाला न सांगता विद्यार्थिनी पूर्ण एक मिनिट श्वास मोजेल, तिचा आकडा शिक्षिकेच्या आकड्यापासून दोनपेक्षा जास्त ढळणार नाही, १२ ते २० च्या बाहेरचा आकडा आला तर पुन्हा मोजेल आणि वॉर्डच्या सिस्टरना लगेच कळवेल.' परिस्थिती, कृती आणि निकष, तिन्ही या एका वाक्यात आले. दोनची मर्यादा मी ठरवली आहे, तू वेगळी ठरव, पण ठरव. सुरक्षितता ही मुख्य क्षमता आणि कळवण्यामुळे संवाद ही दुसरी. 'न सांगता' का, तर आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीवर न्यायची. आणि पूर्ण मिनिट का, तर अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं की एका श्वासाची चूक दोनची होते.

निष्पत्ती लिहिली की लगेच शिकवण्याच्या तासांकडे वळू नकोस. आधी परीक्षा लिही. तुझी चेकलिस्ट वीस टप्प्यांची आहे, प्रत्येकी एक मार्क, पास होण्यासाठी दहा. ज्या मुलीने हात स्वच्छ केले नाहीत, श्वास मोजला नाही आणि १८ असा आकडा ठोकून दिला, तिचे तीन मार्क जातील. बाकी गोड बोलणं, पडदा ओढणं, सामान जागेवर ठेवणं हे सगळं तिने केलेलं असणार. वीसपैकी सतरा! म्हणून दोन-तीन टप्पे अनिवार्य ठेव: हात स्वच्छ करणं, योग्य रुग्ण ओळखणं, प्रत्यक्ष मोजणं. यातला एक जरी चुकला तरी बाकीचे मार्क न मोजता त्या मुलीने सराव करून पुन्हा यायचं. अनिवार्य टप्पे तीनाच्या वर नेऊ नकोस. सगळंच अनिवार्य केलंस तर परीक्षक डोळेझाक करायला लागतात, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे.

पण मोजलं की ठोकून दिलं हे ओळखायचं कसं? मैत्रिणीवर मैत्रीण सराव करते तेव्हा दोघी निरोगी असतात, त्यामुळे १८ हा अंदाजही बरोबर ठरतो. असली परीक्षा खोटं पकडू शकत नाही. दुसऱ्या कुणाला तरी, त्याची परवानगी घेऊन, मिनिटाला २६ च्या वेगाने श्वास घ्यायला लाव आणि छाती नीट दिसेल असं एका मिनिटाचं चित्रीकरण कर. दुसरं १४ चं कर, तिसरं अनियमित लयीचं. वर्गात तिन्ही दाखव आणि साठही जणींना एकाच वेळी आकडे लिहायला सांग. पंधरा मिनिटांत कुणाची मोजणी कच्ची आहे ते कळतं. मोजणीची परीक्षा अशी सगळ्यांची एकदम उरकली की पलंगाजवळच्या परीक्षेत फक्त वागणं आणि कळवणं पाहायचं राहतं.

हे उरकणं गरजेचं आहे, कारण हिशेब कडक आहे. एकेकीला दहा मिनिटं धरली तरी साठ जणींचे दहा तास होतात. तीन परीक्षक असतील तर साडेतीन तासांच्या आसपास, तेही मध्ये चहा न घेता. वर्षाच्या सुरुवातीलाच हा दिवस कॅलेंडरवर आणि तीन जणींच्या नावावर टाकून ठेव. आराखड्यात नुसतं 'प्रात्यक्षिक मूल्यमापन' असं लिहिलं की शेवटच्या आठवड्यात ते तोंडी प्रश्नांवर भागवलं जातं. फाउंडेशनची विद्यापीठाची परीक्षा दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी असते. पहिल्या सेमिस्टरचं सगळं कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनावर आहे, म्हणजे चाळणी तुझ्याच हातात.

आता तास. अभ्यासक्रमात फाउंडेशन-१ ला १२० तास थिअरी, ८० तास स्किल लॅब आणि १६० तास क्लिनिकल आहे. तू ते वीस आठवड्यांत समान वाटलेस: आठवड्याला सहा, चार आणि आठ. कागदावर नीटनेटकं दिसतं, पण त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मुली वॉर्डात जातात आणि त्यांना हात कसे धुवायचे हेही माहीत नसतं. मग त्या बेड करतात, फाइली उचलतात, भिंतीला टेकून उभ्या राहतात. पहिले पाच आठवडे वॉर्ड बंद ठेव आणि लॅब दुप्पट कर, आठवड्याला आठ तास. लॅबचे निम्मे तास तिथेच संपतील. उरलेल्या पंधरा आठवड्यांत क्लिनिकलला आठवड्याला साधारण अकरा तास येतात, म्हणजे दोन लांब सकाळी. मास्टर रोटेशन करणाऱ्या मॅडम कुरकुरतील, कारण इतर वर्षांच्या वॉर्डच्या तारखा हलतात. त्यांच्याकडे जूनमध्ये नको, एप्रिलमध्ये जा.

आणि ते ८० तास मुलीचे आहेत, तुझे नाहीत. साठ जणींच्या वीस-वीसच्या तीन तुकड्या लॅबमध्ये घेतल्यास तर शिकवणाऱ्यांचे २४० तास होतात. तुझ्या आराखड्यात शिक्षकांचे तास कुठेच दिसले नाहीत.

घटकांचा क्रम हा शिकवण्याचा क्रम मानू नकोस. अभ्यासक्रमात व्हायटल साइन्सचा घटक आधी येतो आणि संसर्ग नियंत्रण त्यानंतर. पण अनिवार्य टप्प्यात हात स्वच्छ करणं आहे, तर ते पहिल्याच आठवड्यात शिकवावं लागणार: हँडरबने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, आणि कोणत्या पाच वेळी. संसर्ग नियंत्रणातला एवढाच तुकडा पुढे ओढ, बाकी घटक जागेवर राहू दे. तसंच ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या सरांशी बोल. तो विषय याच सेमिस्टरला समांतर चालतो. श्वसनसंस्था त्यांनी नवव्या आठवड्यात ठेवली असेल आणि तू तिसऱ्यात श्वास मोजायला शिकवत असशील, तर मुली नुसते आकडे पाठ करतील.

औषधं देण्याचा भाग तू पहिल्या सेमिस्टरमध्ये ओढलास तो काढून टाक. तो फाउंडेशन-२ मध्ये आहे. मुलींना इंजेक्शनची घाई असते, पालकांनाही असते, पण आधीच तास पुरत नाहीत.

शेवटचा अडसर वॉर्डात आहे. तुझी मुलगी लॅबमध्ये पूर्ण मिनिट मोजते, मग वॉर्डात जाते आणि तिथली घाईतली सीनियर म्हणते, 'वीस लिही गं.' पंधरवड्यात तीही वीस लिहायला लागते. लॅबमध्ये 'करून दाखवते' आणि वॉर्डात 'रोज करते' यांत हे अंतर आहे. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या मूल्यमापनाच्या पिरॅमिडच्या वरच्या दोन पायऱ्या या दोनच. तुझा आराखडा त्यांतल्या खालच्या पायरीवर थांबतो. वरची पायरी तपासायला नवा फॉर्म नको. दहा मुलींमागे एक शिक्षिका असते. तिने दर क्लिनिकल सकाळी न सांगता दोन रुग्ण निवडावेत, मुलीने चार्ट लिहिल्यावर लगेच स्वतः मोजावं आणि दोन्ही आकडे लॉगबुकात शेजारी-शेजारी लिहावेत. ताप उतरला, रुग्ण चालून आला, तर आकडा खरोखर बदलतो, म्हणून एका फरकावरून कुणाला खोटारडी ठरवू नकोस. पण सेमिस्टरच्या मध्यावर एखादीचे सगळे आकडे १८ आणि २० च असतील आणि शिक्षिकेचे १४ पासून २६ पर्यंत पसरलेले असतील, तर तिला पुन्हा त्या तीन चित्रीकरणांसमोर बसव.

इन्चार्ज सिस्टरना हे आधी सांगून ठेव. आपल्या वॉर्डाचे चार्ट तपासले जातायत असं त्यांना वाटलं की दरवाजे बंद होतात. शक्य असेल तर मुलीने २६ चा आकडा कळवल्यावर पुढे काय करायचं हे त्यांनाच पहिल्या सकाळी मुलींना सांगायला लाव.

बीपी आणि बेड मेकिंग यांच्या निष्पत्ती याच रीतीने तूच लिही आणि त्यांच्या चेकलिस्टसह मला पाठव. बीपीसाठी दोन जणींना एकदम ऐकता येईल असा टीचिंग स्टेथोस्कोप लॅबच्या खरेदी यादीत घाल. तो नसेल तर तिला काय ऐकू आलं हे तुला कधीच कळणार नाही. मोठा तक्ता सध्या बाजूला ठेव, निष्पत्ती पक्क्या झाल्यावर तो अर्ध्या तासात भरता येईल.

तुझी,
मॅडम