टोपीचा उतार ओळीवार लिहिताना

तुझ्या टिपणात बाळटोपीच्या उताराबद्दल एवढंच आहे: ‘७२ टाक्यांवर दर सहा टाक्यांनी दोन एकत्र विणा, उलट सुईला काही घटवू नका, शेवटी ९ टाके राहतील.’ यातलं ‘दर सहा टाक्यांनी’ फसवं आहे. सहा विणून पुढचे दोन एकत्र, की सहामधलेच शेवटचे दोन? ७२ ला ८ नेही भाग जातो आणि ६ नेही, त्यामुळे पहिल्या ओळीत चूक कळतच नाही. शेवटच्या आकड्यावरून उलगडा होतो: पहिल्या अर्थाने दर वेळी ९ टाके घटून शेवटी ९ उरतात, दुसऱ्याने १२. म्हणजे पहिलाच अर्थ बरोबर.

आता लिही:

सु = सुलट, उ = उलट, २ए = दोन टाके एकत्र सुलट

ओळ १: (६ सु, २ए) ९ वेळा – ६३ टाके
ओळ २: सर्व उ – ६३
ओळ ३: (५ सु, २ए) ९ वेळा – ५४
ओळ ४: सर्व उ – ५४

कंसातले सुलट असेच एकेक कमी करत जा. १३व्या ओळीत नुसतं २ए उरेल. ‘याप्रमाणे पुढे’ मात्र लिहू नकोस, तेराही ओळी लिही. टाके ओळ विणून झाल्यावरचे मोजायचे, आधीचे नव्हे.