परतीचं वर्ष आधी काढ

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतची दोन्ही कागदपत्रं वाचली. एक श्टुटगार्टजवळच्या विद्यापीठाचं ऑक्टोबर २०२६ पासूनचं मास्टर्सचं प्रवेशपत्र आणि दुसरं तुझ्या चाकणच्या कंपनीचं, नव्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरी पॅकवर तुला घेण्याचं. "पुढेमागे परत यायचंच आहे, तर आत्ता जावं का?" असं तू विचारलंस. तुझ्या प्रश्नातला परत येण्याचा भाग मी सगळ्यात गंभीरपणे घेतला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

परत यायचं म्हणणारे बहुतेक जण कधी यायचं याचं वर्ष काढत नाहीत. ते काढता येतं. आपण तुझंच काढू.

विद्यार्थी व्हिसासाठी जर्मनीत सध्या वर्षाला ११,९०४ युरो महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या बंद खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. राहण्या-खाण्याचा खर्च साधारण तेवढाच धर. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे. इतर बऱ्याच राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत ती नसते, ही गोष्ट तुझ्या एजंटनं तुला सांगितलेली दिसत नाही. अभ्यासक्रम कागदावर चार सत्रांचा असला तरी प्रबंध कंपनीत करायचा म्हटलं की पाच सत्रं सहज लागतात. अडीच वर्षांचे मिळून साडेसदतीस हजार युरोच्या आसपास होतात. युरो शंभर रुपयांचा धरला तर साडेसदतीस लाख. दुसऱ्या वर्षापासून वेर्कष्टुडंट, म्हणजे शिकता शिकता कंपनीत काम करणारी विद्यार्थिनी, म्हणून आठवड्याला वीस तास काम मिळालं तर त्यातले दहाएक लाख भरून निघतील. तुझी बचत वजा करून कर्ज राहतं साधारण २५ लाखांचं. एवढ्या रकमेला बँक बहुधा तारण मागते, म्हणजे कराडचं घर.

साडेदहा टक्के व्याज धरलं तर शिकतानाचं व्याज साठून पहिल्या हप्त्याच्या दिवशी ते कर्ज ३० लाखांच्या घरात गेलेलं असेल. दहा वर्षांची मुदत घेतलीस तर हप्ता महिन्याला चाळीस हजार. तो पुण्यातल्या पगारातून भरायचा म्हटलं की हातात येणाऱ्या लाखभर रुपयांतले चाळीस टक्के तिथेच संपतात. तिकडे मात्र वर्षाला ५०,००० युरोच्या नोकरीत कर आणि विमा कापून महिन्याला २,६०० ते २,७०० युरो हाती येतात. नीट राहिलीस तर अकराशे-बाराशे मागे पडतात आणि अडीच-तीन वर्षांत कर्ज फिटतं.

आता जोडून बघ. २०२९ च्या वसंतात पदवी, नोकरी लागेपर्यंत सहा महिने, मग कर्ज फेडण्याची तीन वर्षं. तुझं परतीचं वर्ष २०३२ आहे. त्याआधी परत यायचं तर डोक्यावर हप्ता घेऊन, पगाराकडे बघत, मिळेल ती नोकरी धरावी लागेल. तेव्हा तू ३१ वर्षांची असशील. इथे राहिलेल्या तुझ्या बरोबरीच्यांना तोवर नऊ वर्षांचा अनुभव असेल. तुझा सहा मोजला जाईल, कारण मास्टर्सची वर्षं आपल्याकडचं एचआर अनुभवात सहसा धरत नाही.

हा तोटा भरून निघू शकतो, पण पदवीच्या नावानं नाही. परदेशातून आलेल्या उमेदवारांच्या मुलाखती मी बरीच वर्षं घेतो आहे. विद्यापीठ कुठलं हे बायोडाटा चाळताना एकदा वाचलं जातं. त्यानंतर मी एकच गोष्ट शोधत असतो: या माणसानं कशाचा निर्णय घेतला? पॅकची कूलिंग प्लेट कुठे असावी, सेलमधलं अंतर किती ठेवायचं, चाचणीत नापास झाल्यावर काय बदलायचं, हे त्यानं ठरवलं, की दुसऱ्यानं ठरवलेलं मॉडेल चालवून दिलं? पुण्यातल्या परदेशी कंपन्यांच्या अनेक इंजिनिअरिंग सेंटरमध्ये दुसऱ्या प्रकारचं काम भरपूर असतं. स्पेसिफिकेशन मुख्यालयात लिहिलं जातं आणि इथे सिम्युलेशन होतं. अशा जागेवर तू असतीस तर मी तुला डोळे मिटून जा म्हटलं असतं, कारण स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्या टेबलाशी पोचायला तो एक खरा रस्ता आहे.

तुझं प्रकरण वेगळं आहे. इलेक्ट्रिक दुचाकी हा भारतातला विषय आहे. इतक्या संख्येनं, इतक्या कमी किमतीत आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात चालणारे पॅक जर्मनीत बनत नाहीत. तिथली उत्तम माणसं मोटारींच्या मोठ्या, द्रवानं थंड केलेल्या पॅकवर काम करतात आणि ते शास्त्र तुला उपयोगी पडेलच. पण स्कूटरचा पॅक बहुतेकदा नुसत्या हवेवर आणि आवरणाच्या धातूवर थंड ठेवायचा असतो. २०२२ मध्ये आपल्याकडे इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेच्या एआयएस १५६ या मानकात सुधारणा होऊन नव्या अटी त्या डिसेंबरपासून आणि मार्च २०२३ पासून अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. एका सेलमध्ये उष्णता बेकाबू झाली तर ती शेजारच्या सेलकडे पसरू नये, हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. ही चाचणी पास होणारा पॅक स्वतः डिझाइन करून उत्पादनात नेलेली इंजिनिअर २०२८ मध्ये पुण्यात हवी असेल, बंगळुरूत हवी असेल आणि माझ्या अंदाजानं म्युनिकमध्येही तिचा अर्ज बाजूला टाकला जाणार नाही.

तिकडचा बाजारही नजरेआड करू नकोस. फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत जर्मनीतली ३५,००० पदं कमी करायचं ठरवलं. तुझं विद्यापीठ ज्या परिसरात आहे तिथल्या बॉशनं सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी सुमारे १३,००० पदं कमी करण्याचं जाहीर केलं. म्हणून नोकऱ्याच नाहीत असं नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो आणि बहुतेकांना त्या काळात काही ना काही मिळतं. पण मोठ्या कंपन्यांची दारं अरुंद झाली की भरती उरते ती मध्यम आकाराच्या, गावागावांत पसरलेल्या कंपन्यांत, आणि तिथे बैठक जर्मनमध्ये होते. इंग्रजीत शिकवणारा अभ्यासक्रम निवडलेल्या मुलांची अडचण इथे होते. अडीच वर्षं इंग्रजीत काढल्यावर त्यांची जर्मन ए२ या प्राथमिक पातळीच्या पुढे सरकलेली नसते. मग कर्जाचं घड्याळ चालू असताना ती विषय सोडून मिळेल ते काम घेतात. अशा माणसाचं परतीचं वर्ष पुढे जातंच, शिवाय परत येताना सांगण्यासारखं कामही हाताशी नसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. या ऑक्टोबरला जाऊ नकोस. पॅकचं काम घे. मात्र एका अटीवर, आणि ही अट मी मनापासून लावतो आहे: ते काम खरंच तुझ्या हाती येणार आहे याची खात्री होकार कळवण्याआधी करून घे. कंपनीच्या पत्रात "थर्मल टीममध्ये समावेश" एवढंच लिहिलं आहे, त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

तुझ्या मॅनेजरना वेळ मागून भेट. सेल कुणाचा घ्यायचा हे ठरलं का आणि टूलिंगची, म्हणजे उत्पादनाच्या साच्यांची, ऑर्डर गेली का, हे विचार. या दोन्हींवर पैसे लागलेले असतील तर प्रोजेक्ट पुढे जाण्याची शक्यता बरीच आहे. दोन्ही अजून चर्चेत असतील तर पुढच्या बजेटमध्ये तो गुंडाळला जाऊ शकतो. मग तुझं नाव कुठे असेल ते विचार: थर्मल भागाची डिझाइन जबाबदारी तुझी, की एका सीनिअरच्या हाताखाली मॉडेल चालवायचं? डिझाइन कुठे बिघडू शकतं हे तपासणाऱ्या डीएफएमईएच्या बैठकीत तू बसणार का? होमोलोगेशनच्या, म्हणजे सरकारी मान्यतेच्या, चाचण्यांना एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत कोण जाणार? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण चाचणीत पॅक पेटताना जो समोर उभा असतो तोच पुढचं डिझाइन ठरवतो. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी त्यांना मेल टाक: आज असं ठरलं, माझी समजूत बरोबर आहे ना? त्यांनी "हो" लिहिलं तर काम आहे. ते "बघू, पुढे ठरवू" म्हणाले किंवा उत्तरच आलं नाही, तर माझं मत बदलेल आणि आपण जर्मनीचा विचार पुन्हा करू. तेव्हाही याच विद्यापीठाचा नाही, फी नसलेल्या राज्यातल्या विद्यापीठांचा.

सगळं जुळलं, तर हा पॅक उत्पादनात जाऊन रस्त्यावर त्याचा एक पूर्ण उन्हाळा निघेपर्यंत तिथून हलू नकोस. वॉरंटीत परत आलेला पॅक उघडून बघितल्यावर जे कळतं ते कुठल्याही मास्टर्समध्ये शिकवत नाहीत. याला दोन-अडीच वर्षं लागतील. त्या काळात मॅक्सम्यूलर भवनात जर्मन शिक आणि बी१ ची परीक्षा दे, जमलं तर बी२. नोकरी करून हे होतं, पण आठवड्याच्या तीन संध्याकाळी जातात, हे घरी आत्ताच सांगून ठेव.

त्यानंतर तुझ्यासमोर आजच्यापेक्षा चांगला रस्ता असेल: पदवीसाठी न जाता थेट नोकरीवर जाणं. मान्य पदवी आणि हातात नोकरीचं पत्र असलं की ब्लू कार्ड हा तिथे राहून काम करण्याचा परवाना मिळतो. २०२६ साठी तुटवड्याच्या व्यवसायांत त्याची किमान पगाराची अट वर्षाला सुमारे ४६,००० युरो आहे आणि इंजिनिअर त्यात येतात. बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. असं गेलीस तर कर्ज नाही, कराडचं घर तारण नाही आणि परतीचं वर्ष तू स्वतः ठरवशील. दोन वर्षांनी आलीस काय आणि दहा वर्षांनी आलीस काय, प्रत्येक वर्ष अनुभवात मोजलं जाईल.

यात धोका आहे तो लपवत नाही. हा प्रवेश हातचा जाईल. जर्मनीतली बहुतेक विद्यापीठं जागा राखून ठेवत नाहीत, पुन्हा अर्ज करावा लागतो. व्हिसाचे नियम दोन वर्षांत बदलू शकतात. पुण्यात बसून परदेशातली नोकरी मिळवणं हे तिथे राहून मिळवण्यापेक्षा अवघड असतं, आणि भाषा व दाखवण्यासारखं काम या दोन्हींशिवाय ते जवळपास होतच नाही. तरी यातलं काहीच जमलं नाही असं धरलं, तरी २०२९ मध्ये तू एक पॅक उत्पादनात नेलेली, कर्ज नसलेली इंजिनिअर असशील.

आईला घाई झाली आहे असं तू लिहिलंस. मामेभाऊ ॲरिझोनाला गेला म्हणून तूही निघावंस, हे तिचं म्हणणं प्रेमापोटी आहे, पण त्याच्या वेळी कर्ज, नोकऱ्या आणि व्हिसा तिन्ही वेगळे होते. तिच्यासमोर वरचं गणित कागदावर मांड, घराच्या तारणासकट. आकडे बघून ती ऐकेल असं मला वाटतं.

विद्यापीठाला उत्तर द्यायची मुदत कधी संपते ते तू लिहिलं नाहीस. त्याआधी मॅनेजरची भेट व्हायला हवी, म्हणून या आठवड्यातच वेळ माग. मेलचं उत्तर आलं की मला तसंच पुढे पाठव.

तुझा,
काका

ता. क. जायचंच ठरवलंस, तरी पैसे भरण्याआधी अभ्यासक्रमाची विषयपुस्तिका बघ. बॅटरीचे विषय सक्तीचे आहेत की ऐच्छिक, आणि ऐच्छिक असतील तर ते इंग्रजीत शिकवतात का, हे त्यात लिहिलेलं असतं.