शाडूचा गणपती बुक करताना: माप, पाट आणि तारखा

प्रश्न: आम्ही मुंबईला असतो, गणपतीला कुडाळला घरी जातो. यंदा शाडूचीच मूर्ती बसवायची आहे. बुकिंग कधी करायचं, कुठल्या साइजला किती पडतात आणि मूर्ती कधी न्यायची?

उत्तर: आमची गणपतीची शाळा कुडाळजवळच आहे, म्हणून आमच्याकडचंच सांगतो. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गेल्या वर्षीपेक्षा १८ दिवस उशिरा, त्यामुळे बरेच चाकरमानी निवांत आहेत. आम्ही मात्र नागपंचमीला, १७ ऑगस्टला, नाव घेणं थांबवतो.

दर असे: नऊ इंच ९०० रुपये, एक फूट १,४००, सव्वा फूट २,०००, दीड फूट २,८००, दोन फूट ५,०००. त्याच्यावर शाडूत आम्ही करत नाही. वजन इतकं होतं की मूर्ती उचलतानाच हात किंवा सोंड जायची भीती. नाव नोंदवताना ५०० द्यायचे, बाकी मूर्ती नेताना.

फुटाचं माप पाटापासून मुकुटाच्या टोकापर्यंत धरतो. प्रभावळ त्यात येत नाही, ती मुकुटाच्या वर आणखी चार बोटं जाते. लोक फसतात ते इथे. समजा तुमचं मखर आतून साडेतीन फूट उंच आहे, म्हणजे ४२ इंच. चौरंग नऊ इंच, पाट दोन इंच, आणि वर माटवी बांधलीत तर नारळ, तवसं, कवंडाळं मिळून फूटभर खाली लोंबणार. उरले १९ इंच. दीड फुटाची मूर्ती कागदावर बसते, पण प्रभावळ आणि मुकुटावरचा हार कुठे जाणार? अशा घराला मी सव्वा फूटच सांगतो, कितीही आग्रह झाला तरी.

पाट तुमचाच द्या, घरच्या माणसाबरोबर पाठवलात तरी चालेल. दीड फुटाच्या मूर्तीची बैठक साधारण फूटभर रुंद होते, आणि पाट तिच्यापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन बोटं मोठा हवा. देण्याआधी जमिनीवर ठेवून डुगडुगतो का ते बघा. पाय ढिले असले तर उचलताना पाट लवतो आणि वरच्या बैठकीला तडा जातो. मागच्या बाजूला खडूने नाही, ऑइलपेंटने नाव लिहा. खडू आमच्या ओल्या हातांनी पुसला जातो.

१७ ऑगस्टची अट वाळण्यासाठी आहे. साच्यातून काढलेली फूट-दीड फुटाची मूर्ती श्रावणातल्या हवेत सावलीत वाळायला दोन आठवडे सहज घेते, पाऊस लागून राहिला तर जास्तच. पंखा किंवा हॅलोजन लावून घाई केली की बाहेरची माती आखडते, आतली ओलीच राहते, आणि गळ्याला नाहीतर खांद्याच्या जोडाला भेग पडते. ती भेग लगद्याने बुजवून वर रंग देता येतो, दिसतही नाही; पण तशी मूर्ती मी गिऱ्हाइकाला देत नाही. वाळल्यावर पॉलिश, पांढरा हात, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी माझे काका एकटेच करतात, दुसऱ्याला ब्रश लावू देत नाहीत, त्यामुळे दिवसाला ठरावीकच मूर्ती पुऱ्या होतात.

मूर्ती न्यायला ५ ते ९ सप्टेंबर, नाहीतर १२ आणि १३ ला सकाळी सात ते रात्री नऊ. १० ला सकाळी अमावास्या लागते ती ११ च्या सकाळपर्यंत आहे, त्या दोन दिवशी कोणी नेत नाही. म्हणून १२-१३ ला झुंबड असते. गावात आधी कोणी पोचणार असेल तर ५ ते ९ मध्येच उरका. चतुर्थीच्या सकाळी फक्त हाकेच्या अंतरावरच्या घरांना देतो.

ताब्यात घेताना खालची बाजू बघायला लाजू नका. पाटावरची मूर्ती उलटी करता येत नाही, तेव्हा मागे बैठकीच्या कडेला तळहात लावा: थंडगार लागली तर आत ओल आहे. वाळलेला शाडू पांढुरका असतो, ओला काळपट. दुसऱ्या कोणाकडून घेत असाल आणि पीओपी असल्याची शंका आली, तर रंग न लागलेल्या जागी ओलं बोट घासा. शाडू लगेच चिकट होऊन बोटाला लागतो, पीओपी जवळजवळ तसंच राहतं.

नेताना दोन माणसं आणा. मूर्तीला हात न लावता पाटच दोन्ही बाजूंनी धरायचा, आणि रिक्षात मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसायचं, डिकीत नाही. वर प्लास्टिक गच्च गुंडाळू नका, आत घाम धरून रंग सुटतो. छत्री धरलीत तरी पुरे.