मोठं पॅकेज आणि हातात येणारा पगार: दोन ऑफर लेटरचा एक तक्ता

"मॅडम, दोन ऑफर आल्यात. एकाचं पॅकेज मोठंय, दुसऱ्याचं लाखभर कमी. घरचे म्हणतात मोठं घे, जास्त डोकं लावू नको. पण एका लेटरमध्ये सगळं वर्षाचं लिहिलंय, दुसऱ्यात महिन्याचं, आणि नोटीस पिरियड, प्रोबेशनचं वाचून तर काहीच कळत नाही. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. ठरवू कसं?"

गेल्या वर्षी एक मुलगा आला होता माझ्याकडे, साताऱ्याचा, पुण्यात तीन-साडेतीन वर्षं नोकरी केलेला, सोबत वडील पण होते, एसटीतून रिटायर झालेले. एक ऑफर हिंजवडीची 9 लाख 60 हजारांची, दुसरी खराडीची 8 लाख 40 हजारांची. वडिलांनी बसल्या बसल्याच सांगितलं, "मॅडम, सव्वा लाखाचा फरक आहे, यात विचारायचं काय?" ओळख पटू नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलल्यात, बाकी हिशोब तसाच सांगते म्हणजे तुला तुझी लेटरं कशी मांडायची ते कळेल.

आधी मी त्याला लॅपटॉप उघडायला लावला आणि एका शीटमध्ये तीन कॉलम करायला सांगितले, पहिल्यात मुद्दा, दुसऱ्यात हिंजवडी, तिसऱ्यात खराडी. नियम दोनच. लेटरमधलं वाक्य जसंच्या तसं कॉपी करायचं, बाजूला पान नंबर टाकायचा, आणि जे लेटरमध्ये नाहीये तिथे "लिहिलेलं नाही" असं लिहायचं, अंदाजाने काही भरायचं नाही. हा दुसरा नियम पाळताना सगळ्यांना त्रास होतो. "अहो पण एचआर फोनवर बोललेत ना" असं म्हणतात, पण फोनवरचं त्या कॉलममध्ये येत नाही. आणि लेटर म्हणजे पुढची दोन पानं नाही हं, मागे जी पगाराची फोड जोडलेली असते ती सगळ्यात महत्त्वाची, बरेच जण ती उघडतच नाहीत.

मग सगळे आकडे एका मापात आणले, म्हणजे हिंजवडीचे वर्षाचे होते ते 12 ने भागले. सीटीसी म्हणजे लेटरमधलं वर्षाचं पूर्ण पॅकेज, व्हेरिएबल म्हणजे त्यातला कामगिरीवर मिळणारा भाग, ग्रॉस म्हणजे कापाकापी व्हायच्या आधीचा महिन्याचा पगार आणि प्रोबेशन म्हणजे कन्फर्म होण्याआधीचा काळ. तासाभराने जे तयार झालं त्यातला कामाचा भाग असा:

| मुद्दा | हिंजवडी | खराडी |
|---|---|---|
| सीटीसी, वर्षाचा | 9,60,000 | 8,40,000 |
| व्हेरिएबल | 1,44,000 (सीटीसीमध्ये धरलेलं) | नाही |
| जॉइनिंग बोनस | 60,000 (सीटीसीमध्ये धरलेला) | नाही |
| ग्रॅच्युइटी आणि इन्शुरन्स | 36,000 (सीटीसीमध्ये धरलेलं) | सीटीसीच्या बाहेर |
| कंपनीचा पीएफ, महिन्याला | 4,800 | 1,800 |
| ग्रॉस, महिन्याला | 55,200 | 68,200 |
| हातात, महिन्याला | 50,200 | 66,200 |
| प्रोबेशन | 6 महिने, अजून 6 वाढवू शकतात | 3 महिने |
| प्रोबेशनमध्ये नोटीस | याने 30 दिवस, कंपनीने 7 | दोघांनीही 15 दिवस |
| नंतर नोटीस | 90 दिवस | 60 दिवस, पैसे भरून कमी करता येते |
| आई-वडिलांचा इन्शुरन्स | आहे, जॉइन झाल्यापासून | लिहिलेलं नाही |

हातात येणाऱ्या पगाराच्या ओळीवर वडील थांबले. चष्मा पुसून परत बघितलं. लाखभर कमी असलेली ऑफर महिन्याला 16 हजार जास्त देते हे काही त्यांना पटेना, म्हणून मग वजाबाकी समोर करून दाखवली. 9,60,000 मधून व्हेरिएबल, जॉइनिंग बोनस, ग्रॅच्युइटी-इन्शुरन्सचे 36 हजार आणि कंपनीच्या पीएफचे 57,600 काढले की उरतात 6,62,400, म्हणजे महिन्याला 55,200. त्यातून परत त्याच्या वाट्याचा पीएफ 4,800 आणि प्रोफेशनल टॅक्सचे 200 जातात (फेब्रुवारीत 300, पण ते दोन्हीकडे सारखंच). इन्कम टॅक्स दोन्हीकडे शून्य, कारण नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही. तुझा आकडा त्याच्या वर असेल तर टॅक्सची ओळ वेगळी घाल.

पण इथे खराडीच्या बाजूने लगेच उडी मारू नये. पीएफ हा पण त्याचाच पैसा आहे, फक्त आत्ता हातात नाही. हिंजवडीत बेसिक 40 हजार, त्यावर 12 टक्के दोन्ही बाजूंनी, म्हणजे महिन्याला 9,600 साठतात. खराडीवाले 15 हजारांच्या मर्यादेवरच पीएफ कापतात, म्हणून 1,800 अधिक 1,800, एवढेच 3,600. ते धरलं तर हिंजवडी 59,800 आणि खराडी 69,800. खरा फरक महिन्याला 10 हजार, वर्षाला 1 लाख 20 हजार. ग्रॅच्युइटी मी दोन्हीकडे हिशोबातच घेतली नाही, ती साधारणपणे पाच वर्षं सलग काढल्यावर मिळते, आणि या मुलाने आत्तापर्यंत एका ठिकाणी दोन वर्षांच्या वर काढली नव्हती.

आता मुलगा म्हणाला, "पण व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर हिंजवडी पुढे जाते ना?" बरोबर आहे त्याचं. 1,20,000 भरून काढायचे तर 1,44,000 चं निदान 83-84 टक्के व्हेरिएबल दरवर्षी मिळायला हवं, तेव्हा कुठे दोघं सारखे होतात. पहिल्या वर्षी जॉइनिंग बोनसचे 60 हजार असल्यामुळे 42 टक्के मिळालं तरी पुरे. हे ऐकून तो खूश झाला, 42 टक्के तर कोणीही देईल म्हणाला.

मी त्याला प्रोबेशनची ओळ परत वाचायला सांगितली. मला लोकांना हेच सांगायचं असतं, तक्त्यातल्या ओळी सुट्या सुट्या वाचायच्या नाहीत, कारण लेटरमध्ये पगार पान 2 वर असतो आणि त्या पगाराला कात्री लावणारी अट पान 7 वर. हिंजवडीच्या लेटरमध्ये लिहिलं होतं की व्हेरिएबल फक्त कन्फर्म झालेल्यांना आणि तेही कन्फर्मेशनच्या तारखेपासूनचं. हा जॉइन होणार 1 ऑगस्टला. सहा महिने प्रोबेशन म्हणजे कन्फर्म होणार 1 फेब्रुवारीला, तेही लेखी पत्र वेळेवर आलं तर. त्यांचं वर्ष संपतं 31 मार्चला. म्हणजे जूनमध्ये त्याला जे व्हेरिएबल मिळणार ते दोन महिन्यांचं, जास्तीत जास्त 24 हजार. प्रोबेशन वाढवलं तर शून्य. आता पहिल्या बारा महिन्यांचा हिशोब लावला तर हिंजवडी सगळं धरून 8,01,600 आणि खराडी 8,37,600. सगळं मनासारखं झालं तरी मोठं पॅकेज 36 हजारांनी मागे.

नोटीसचं पण तसंच. पुढे एक ओळ होती की व्हेरिएबल वाटायच्या दिवशी माणूस नोटीसवर असेल तर त्याला ते मिळणार नाही. वाटप जूनच्या शेवटी, नोटीस 90 दिवसांची, म्हणजे व्हेरिएबल घेऊन मग राजीनामा टाकला तर सुटका सप्टेंबरच्या शेवटी, आणि नवीन कंपनी तीन महिने थांबेलच असं नाही. नोटीस पैसे भरून कमी करता येईल का, तर "व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार", म्हणजे तो आपला हक्क नाही हे धरूनच चालायचं. खराडीच्या लेटरमध्ये स्पष्ट होतं, उरलेल्या दिवसांचा बेसिक पगार भरा आणि जा. तुझ्या लेटरमध्ये हे बेसिकवर आहे का ग्रॉसवर ते नक्की बघ, दुपटीचा फरक पडतो. आणि जॉइनिंग बोनस एक वर्षाच्या आत सोडल्यास पूर्ण परत, अशी अट होती, पण वर्ष राजीनाम्याच्या तारखेला मोजायचं का शेवटच्या दिवसाला हे काही लिहिलं नव्हतं.

इथवर खराडी सरळ जिंकत होती, आणि मग वडिलांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांना शुगर आहे, आईचं गुडघ्याचं चाललंय. हिंजवडीचा ग्रुप इन्शुरन्स आई-वडिलांना धरून होता आणि जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून कव्हर. बाहेर वेगळी पॉलिसी घ्यायची तर एजंटने दोघांचे 38 हजार सांगितलेले, शिवाय आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे पहिल्या वर्षाचे 36 हजार तिथेच गेले. मी तर म्हणते, घरात आजारपण असेल तर ही ओळ पगाराच्या लगेच खाली लिहावी.

म्हणून मग "लिहिलेलं नाही" असलेल्या जागांचे प्रश्न करून दोन्हीकडे मेल टाकले. फोन नाही, मेलच. खराडीला विचारलं की आई-वडिलांना स्वतः पैसे भरून ग्रुप पॉलिसीत घेता येईल का. उत्तर आलं, येईल, महिन्याला 1,500 पगारातून कापू, जुने आजार लगेच कव्हर. हिंजवडीला तीन प्रश्न: गेल्या वर्षी व्हेरिएबल किती टक्के दिलं, प्रोबेशन कुठल्या कारणाने वाढवता, बोनसचं वर्ष कुठपर्यंत मोजता. याच एचआरने आधी फोनवर "नव्वद टक्के तर मिळतंच" असं सांगितलं होतं, मेलमध्ये आलं की व्हेरिएबल कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून आहे, आकडा सांगता येणार नाही. बाकीच्या दोन प्रश्नांना उत्तरच नाही.

18 हजार इन्शुरन्सचे जाऊन पण खराडी पहिल्या वर्षी तेवढ्यानेच पुढे राहिली. त्याने हिंजवडीला एक शेवटचं विचारून बघितलं, व्हेरिएबलमधले 72 हजार फिक्समध्ये टाकाल का आणि नोटीस 60 दिवस कराल का. नोटीसला नाही म्हणाले, सगळ्यांना एकच पॉलिसी आहे म्हणे. फिक्सचं "बघतो" म्हणाले आणि सुधारित लेटर काही आलं नाही. तो खराडीला गेला. हिंजवडीचं काम जास्त शिकण्यासारखं होतं असं त्याला अजूनही वाटतं, आणि तसं असेलही, ते या तक्त्यात मावत नाही.

शुक्रवारचं म्हणशील तर आज संध्याकाळीच दोघांना मेल टाक, तुझे प्रश्न लिही आणि त्यातच सोमवार-मंगळवारपर्यंतची मुदत माग, प्रश्न लेखी असले की मुदत बहुतेक वेळा मिळते. आत्ताच्या कंपनीत राजीनामा मात्र सही केलेलं अंतिम लेटर हातात आल्याशिवाय टाकू नको, आणि आत्ताचा नोटीस पिरियड किती ते बघूनच जॉइनिंगची तारीख दे, व्हेरिएबलचा हिशोब त्या तारखेवरच फिरतो.