कंट्रोलर उशिरा, लाइन बंद: व्हेंडरला पत्र काय लिहायचं?

प्रश्न: मी नाशिकला एका कारखान्यात परचेसमध्ये नवीन आहे. पीएलसीचं मॉड्यूल वेळेवर न आल्यामुळे आमची लाइन बंद पडली आहे. साहेब म्हणतात, व्हेंडरला कडक पत्र लिही. कसं लिहू?

साहेबांच्या तोंडचं 'कडक' तसंच कागदावर उतरवू नका. मी अंबडला परचेसमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. पहिल्या वर्षी मीही 'आपल्या बेजबाबदारपणामुळे' अशी सुरुवात केलेली पत्रं पाठवली, आणि त्यातल्या एकानेही माल एक दिवस आधी आला नाही. पत्राची कामं दोनच. माल कुठे अडकलाय ते व्हेंडरकडून लेखी काढून घ्यायचं, आणि भरपाई मागायचा आपला हक्क शाबूत ठेवायचा.

आमच्याकडे घडलेली गोष्टच सांगतो. ड्रिलिंगच्या एका स्पेशल मशीनचा पीएलसी अधूनमधून दगा द्यायला लागला होता. मेंटेनन्सने सीपीयू मॉड्यूल मागवायला सांगितलं. ३ जूनला पुण्याच्या एका डीलरला ऑर्डर दिली, किंमत ८६,००० रुपये. ऑर्डरवर आम्ही २४ जून लिहिलं होतं, पण डीलरच्या ५ जूनच्या स्वीकृतीच्या मेलमध्ये '२६ जूनपर्यंत नाशिक पोहोच' असं होतं. २८ जूनला दुसऱ्या पाळीत जुनं मॉड्यूल कायमचं गेलं. लाल दिवा लागला तो लागलाच, आणि लाइन उभी राहिली.

तारखेपाशी नवीन माणूस हमखास चुकतो. मनात आपली २४ तारीख असते, म्हणून तो पत्रात तीच लिहितो. मग व्हेंडर दोन दिवसांच्या वादात आठवडा घालवतो. मी २६ धरली, म्हणजे त्याने स्वतः दिलेली तारीख. तिच्यावर त्याला बोलायला जागाच नव्हती. लिहिण्याआधी आपली बाजूही तपासा: ॲडव्हान्स उशिरा गेला होता का, ऑर्डर कोडबद्दलच्या त्याच्या प्रश्नाला आपण किती दिवसांनी उत्तर दिलं. तसं काही असेल तर तो पहिल्या ओळीतच ते तुमच्यासमोर ठेवेल.

१ जुलैला गेलेलं पत्र असं होतं. आमच्याकडे हा व्यवहार इंग्रजीत चालतो, इथे मराठीत देतो.

'विषय: आमची ३ जूनची खरेदी ऑर्डर, पीएलसी सीपीयू मॉड्यूल १ नग, अद्याप अप्राप्त, उत्पादन बंद.

महोदय,
आपण ५ जूनच्या मेलने वरील ऑर्डर स्वीकारून माल २६ जूनपर्यंत आमच्या गेटवर पोहोचेल असे कळवले होते. २० जूनला आपण फोनवर माल निघाल्याचे सांगितले. डॉकेट क्रमांक दोनदा मागूनही मिळालेला नाही. आज १ जुलै असून माल आलेला नाही.

या मॉड्यूलअभावी आमची ड्रिलिंग लाइन २८ जूनच्या दुसऱ्या पाळीपासून बंद आहे. हे मॉड्यूल चालू लाइनसाठी असून विलंब झाल्यास उत्पादन थांबेल, हे आमच्या ऑर्डरवर नमूद आहे.

मॉड्यूल आज कुठे आहे आणि त्याचा डॉकेट क्रमांक काय, हे उद्या दुपारी १२ पर्यंत लेखी कळवावे. माल निघालेला नसल्यास नक्की तारीख द्यावी आणि तोपर्यंत त्याच ऑर्डर कोडचे मॉड्यूल तात्पुरते उपलब्ध करून द्यावे.

माल उशिरा स्वीकारला तरी विलंबाबद्दल भरपाई मागण्याचा आमचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.'

बस, एवढंच. रागाचा एक शब्द नाही, पण प्रत्येक वाक्याला मागे एक मेल किंवा कागद आहे. फोनवर झालेलं बोलणं पत्रात तारखेसह टाकायचं. समोरच्याने ते खोडलं नाही, तर पुढे तेही कामाला येतं.

शेवटची ओळ शोभेची नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ प्रमाणे, ठरलेली वेळ कराराचा गाभा असताना ती उलटून गेल्यावर तुम्ही माल स्वीकारलात, तर भरपाई मागता येत नाही. मात्र स्वीकारतानाच 'भरपाई मागणार आहोत' अशी सूचना दिली असेल, तर येते. आणि नेमका स्वीकार करतो कोण? स्टोअर. परचेस पत्रांत गुंतलेलं असतं आणि तिकडे गेटवर चलनावर 'माल ठीक मिळाला' असा शिक्का पडून जातो. आमचं मॉड्यूल ११ जुलैला आलं. सकाळीच मी व्हेंडरला एका ओळीचा मेल पाठवला आणि स्टोअरच्या आप्पांना चलनाच्या दोन्ही प्रतींवर 'विलंबाने प्राप्त, भरपाईचा हक्क राखून' असं लिहायला लावलं. आप्पा कुरकुरले. त्यांच्या मते हे माझं काम होतं. असेलही, पण शिक्का त्यांच्या हातात होता.

मध्ये डीलरने 'त्याहून वरच्या सिरीजचं देतो, लगेच मिळेल' असं सांगून पाहिलं. लाइन बंद असताना हो म्हणावंसं वाटतं. मेंटेनन्सला विचारलं, तर आमची जुनी इनपुट-आउटपुट कार्डं त्या बेसवर बसत नव्हती आणि प्रोग्रामही बदलून घ्यावा लागणार होता. म्हणून 'त्याच ऑर्डर कोडचे' हे शब्द पत्रात आहेत, शेवटच्या अक्षरापर्यंत.

आता पैशाचं. साहेब म्हणतील, लाइनचं सगळं नुकसान वसूल कर. आधी ऑर्डरमधलं विलंब-दंडाचं कलम वाचा. आमच्याकडे दर आठवड्याला, किंवा त्याच्या भागाला, अर्धा टक्का होता; कमाल ५ टक्के. २६ जून ते ११ जुलै म्हणजे १५ दिवस, म्हणून तीन आठवडे धरले. ८६,००० चा अर्धा टक्का ४३०; गुणिले तीन, १,२९० रुपये. विलंबाची रक्कम करारात ठरलेली असेल, तर करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई त्या रकमेच्या वर जात नाही. म्हणजे पत्रात 'पंधरा लाखांचं नुकसान भरून द्या' लिहिलं, की ऑर्डरची मागची बाजू वाचणारा व्हेंडर गालातल्या गालात हसतो. दंडाचं कलम नसेल, तर कलम ७३ लागू होतं. तिथे लाइन थांबल्याचं नुकसान मागायचं, तर ते होईल हे व्हेंडरला करार करतानाच माहीत असायला हवं. आमच्या ऑर्डरवरचं ते वाक्य त्यासाठीच होतं. शिवाय नुकसान कमी करायला आपण काय केलं हेही पाहिलं जातं. आम्ही दोन स्टेशनं हाताने चालवून जमेल तेवढा माल काढला आणि त्याचा पाळीनिहाय तक्ता ठेवला. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवूनच पुढे जा.

राग म्हणून त्याची इतर बिलं मात्र अडवू नका. तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला पुरवठादार असेल, तर अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थांबवता येत नाहीत. थांबवले तर चक्रवाढ व्याज आपल्याच अंगावर येतं.

पत्र गेल्यावर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता डीलरचा मेल आला. माल पुण्याहून निघालाच नव्हता, वरून कंपनीकडूनच आला नव्हता. फोनवर हे त्याने एकदाही कबूल केलं नव्हतं. खरी तारीख कळल्यावर प्लॅनिंगने ग्राहकाला तसं कळवलं आणि बाहेरून ड्रिलिंग करून घ्यायची सोय केली. १,२९० रुपयांची क्रेडिट नोट ऑगस्टमध्ये आली.