आईला साडी नको म्हणणाऱ्या मुलांसाठी

प्रश्न: आई-बाबांची अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाची मुलाखत पुढच्या महिन्यात मुंबईत आहे. दोघे सांगलीकडचे, साठीच्या पुढचे. आई कायम साडीत असते. तिला पंजाबी ड्रेस आणि बाबांना ब्लेझर घ्यावा का? नीटनेटके आणि विश्वासू वाटायला काय घालावं?

दोन्ही नको. आईने साडीच नेसावी आणि ब्लेझरचे पैसे वाचवा. हे ठणकावून सांगतोय, कारण अर्ज भरून देण्याच्या कामात हा वाद मी दर हंगामात मुलांशी घालतो. मुलं तिकडून फोनवर सांगतात, "आईला जरा मॉडर्न दिसू दे." कशासाठी? खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर तुमचा डीएस-१६० अर्ज उघडलेला असतो. त्यात आई गृहिणी आणि बाबा निवृत्त शिक्षक किंवा शेतकरी, जे काय असेल ते लिहिलेलं असतं. समोर तेच माणूस उभं आहे असं दिसलं की कपड्यांचं काम संपलं. आयुष्यात पहिल्यांदा ओढणी घेतलेली बाई ती ओढणी सावरण्यातच गुंतते. "मुलगा काय करतो?" हा साधा प्रश्न येतो तेव्हा तिचा एक हात खांद्यावर असतो आणि नजर खाली. हे घाबरणं कपड्यांमुळे आहे हे समोरच्याला कसं कळणार? त्याच्याकडे दोन-तीन मिनिटं असतात.

आता साडी कोणती ते बघू. नवी नको. दोन-तीनदा धुतलेली, अंगवळणी पडलेली सुती किंवा सुती-रेशमी, बारीक काठाची. कडक खळ घातलेली साडी घरून निघताना झकास दिसते, पण गाडीत तासभर बसलं की मांड्यांवर आडव्या घड्या मोडतात आणि त्या शेवटपर्यंत जात नाहीत. जड इरकलही रांगेत उभं राहायला त्रासाचं. खळ हलकी ठेवा, निऱ्या आदल्या रात्री घालून इस्त्री करा, पदराच्या चुण्या करून खांद्याला पिन लावा. ही पिन दिसण्यासाठी नाही, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. मोकळा पदर घेतला की एक हात त्याच्यातच अडकतो आणि दुसऱ्यात कागद. आई नऊवारी नेसत असतील तर नऊवारीच नेसू द्या. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या नेहमीच्याच. फक्त लग्नाकार्यातले दागिने घरी ठेवा. कोणी दागिन्यांवरून नकार देत नाही, पण आत शिरतानाच्या सुरक्षा तपासणीत ते काढा-घाला करण्यात जीव जातो.

मुलाखतीच्या आधी बोटांचे ठसे आणि फोटो देण्यासाठी वेगळ्या केंद्रात वेगळी फेरी असते. बहुतेक लोक मुलाखतीच्या कपड्यांवर चार बैठका घेतात आणि या फेरीला जे हाती येईल ते घालून जातात. खरी गडबड इथेच होते. फोटोची पार्श्वभूमी पांढरी असते. बाबा पांढऱ्या सदऱ्यात बसले तर खांदे भिंतीत विरघळतात आणि नुसतं डोकं तरंगताना दिसतं. आकाशी किंवा मातकट रंगाचा शर्ट घाला. पांढरा सदरा-पायजमा सोडायचाच नसेल तर वरून गडद जाकीट चढवा, प्रश्न मिटला. अर्जासोबत फोटो अपलोड करायचा तोही याच हिशेबाने काढा. तो सहा महिन्यांच्या आतला हवा. पासपोर्टच्या जुन्या फोटोतला शर्ट यात पुन्हा दिसला तर फोटो जुनाच आहे अशी शंका येते, म्हणून तो शर्ट टाळा. फोटोत चष्मा चालत नाही, हा नियम २०१६ पासून आहे. टोपी आणि डोक्यावरचा पदर फोटोपुरता उतरवावा. धार्मिक कारणाने रोज डोकं झाकणाऱ्यांना सूट आहे, पण चेहरा पूर्ण दिसला पाहिजे.

ठसे दहाही बोटांचे घेतात: एका हाताची चार, दुसऱ्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. शेतात किंवा भांड्यांत आयुष्य गेलेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात कातडी कोरडी. आदल्या दोन-तीन रात्री हाताला थोडं खोबरेल चोळून झोपा. त्या दिवशी सकाळी मात्र साबणाने हात धुऊन कोरडे करा, कारण तेलकट बोट यंत्राच्या काचेवर घसरतं आणि ठसा फिसकटतो. घरात लग्न असेल तर बोटांच्या टोकांवर मेंदी नको, तळव्यावर हौस भागवा.

मुलाखतीच्या दिवशी बाबांना इस्त्रीचा फुल शर्ट आणि नेहमीची पँट. पँट पट्ट्याशिवाय कंबरेवर टिकते का, हे घरी एकदा बघून घ्या. तपासणीत पट्टा काढायला लागला तर एका हाताने पँट धरून ट्रेकडे जाणारे काका काही चांगले दिसत नाहीत. ब्लेझरबद्दल मुद्दाम सांगतो: दुकानातून आणलेला ब्लेझर खांद्यात सैल असतो, बाही तळहातावर येते, आणि बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटबाहेर उन्हात रांगेत उभं राहिल्यावर आत घामाने शर्ट चिकटतो. नोकरीत रोज कोट घालणाऱ्याने खुशाल घालावा.

पायात वापरातली चप्पल किंवा बूट घाला. नव्या कोल्हापुरीने टाच सोलली की माणूस खिडकीपर्यंत लंगडत जातो. रांगेत बराच वेळ उभं राहावं लागतं आणि मुलाखतही उभ्यानेच होते. पावसाळा असेल तर साडी घोट्याच्या जरा वर नेसायला सांगा, नाहीतर ओला काठ पायाला चिकटत राहतो.

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, हँडबॅग यातलं काहीही कॉन्सुलेटमध्ये नेता येत नाही आणि ठेवायची सोय तिथे नसते. बाहेर थांबणाऱ्याकडे द्या, नाहीतर मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून जा. साडीला खिसा नाही, म्हणून पासपोर्ट, अर्जाची पावती आणि अपॉइंटमेंटचा कागद एका पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला. वाचायचा चष्मा घरी विसरू नका, तो फक्त फोटोत चालत नाही. अत्तर आणि डोक्याला थापलेलं तेल दोन्ही बेताने.

आता पंजाबी ड्रेसवाल्या मुलांसाठी एक गोष्ट. मुंबईत मुलाखत मराठीत देता येते. आईने साडीत, मराठीत, "नातीला बघायला चाललेय, दोन महिन्यांनी परत, इकडे घर आहे, शेत आहे" असं सरळ सांगितलं तर ते पाठ केलेल्या इंग्रजी वाक्यापेक्षा कितीतरी भारी पडतं. अर्थात जे सांगाल ते खरं आणि अर्जाशी जुळणारं हवं.

कपड्यांनी व्हिसा मिळत नाही हेही सांगून ठेवतो. टुरिस्ट व्हिसा मागणारा माणूस तिकडेच राहणार, असं तिथला कायदा आधीच गृहीत धरतो आणि तसं नाही हे पटवायची जबाबदारी अर्जदारावर असते. २१४(बी) कलमाखालचा नकार यातूनच येतो आणि त्यावर इस्त्रीचा इलाज नाही. इंग्लंड किंवा शेंगेनसाठी जात असाल तर बहुतेक वेळा मुलाखतच नसते. केंद्रातले लोक कागद आणि ठसे घेतात, निर्णय दुसरीकडे होतो. तिथे फोटो आणि बोटं सांभाळली की पुरे.

आणि हो, खांद्याच्या पिनेखेरीज एक जादा सेफ्टी पिन आईच्या ब्लाउजच्या आतल्या बाजूला लावून ठेवा. तपासणीत एक काढावी लागली की ती हमखास हरवते.